साडेतीनला लागणारी आठची मालिका

भारतात रात्री आठ वाजता लागणारी मालिका लंडनमध्ये उन्हाळ्यात दुपारी साडेतीनला लागते आणि हिवाळ्यात अडीचला. पुण्याहून सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या आईला ही वेळ चालते, पण नोकरी करणारा मुलगा आणि सून त्या वेळी घरात नसतात. म्हणून टीव्हीवर काहीही बसवण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी. आपल्याला चालू वाहिनी हवी आहे, की मालिकेचे भाग आपल्या सवडीने पाहायचे आहेत?

ब्रिटनमध्ये या प्रश्नाला पैशाचीही बाजू आहे. तिथे टीव्हीचा परवाना घ्यावा लागतो. २०२५-२६ या वर्षासाठी त्याची फी १७४.५० पौंड होती. बीबीसीचं आयप्लेअर पाहायला तो लागतोच, पण कुठलीही वाहिनी प्रक्षेपण चालू असताना पाहायची असेल तरीही लागतो. मग ती वाहिनी अँटेनावरून येवो, अ‍ॅपमधून येवो किंवा यूट्यूबवरून, इंग्रजी असो वा मराठी. यूट्यूबवर एबीपी माझाचं थेट प्रक्षेपण लावलं तरी नियम तोच. उलट कालचा भाग आज अ‍ॅपमध्ये उघडून पाहिला, तर परवान्याची गरज नाही. हा फरक आपल्याकडच्या अनेकांना माहीतच नसतो. घरात आधीच परवाना असेल तर प्रश्नच मिटला.

आता टीव्हीकडे येऊ. रेडिंगमधलं एक घर समजा. टीव्ही गूगल टीव्ही प्रकारचा आणि तिथेच विकत घेतलेला. मुलाने त्यात आपलं जुनं, पुण्यात असताना काढलेलं गूगल खातं घातलं आहे. आईला झी मराठीच्या मालिका हव्यात, म्हणजे अ‍ॅप झी५. स्टार प्रवाह किंवा कलर्स मराठीच्या मालिका भारतात जिओहॉटस्टारवर असतात, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. पण ही वाटणी भारतातली आहे. प्रसारणाचे हक्क देशागणिक वेगवेगळे विकले जातात, त्यामुळे आपण राहतो त्या देशात ते अ‍ॅप आहे का आणि त्यात ती मालिका आहे का, हे तिथेच तपासावं लागतं.

या घरात देशाचा प्रश्न तीन ठिकाणी विचारला जातो, आणि तिन्ही ठिकाणची उत्तरं एक असावी लागतात. पहिलं ठिकाण अ‍ॅप स्टोअर. टीव्ही सुरू करताना आपण जो देश निवडतो, त्याचा प्ले स्टोअरशी संबंध नसतो. प्ले स्टोअर गूगल खात्याचा देश पाहतं. तो फोनवर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये `Country and profiles` इथे दिसतो. तिथे भारत असेल तर दुकानही भारताचंच उघडतं, आणि ब्रिटनमधल्या ग्राहकांसाठी असलेली काही अ‍ॅप त्यात दिसतच नाहीत.

हा देश बदलता येतो, पण जपून. बदल वर्षातून एकदाच करता येतो, त्यासाठी त्या देशात असावं लागतं आणि तिथलं कार्ड किंवा तत्सम पैसे भरण्याचं साधन लागतं. बदल सगळीकडे दिसायला दोन दिवसही लागू शकतात. जुन्या देशातली प्लेची शिल्लक नव्या देशात वापरता येत नाही, आणि भारतातली काही अ‍ॅप स्टोअरमधून नाहीशी होतात. ज्याचे बँकेचे व्यवहार अजून भारतात चालू आहेत, त्याने फक्त मालिकेसाठी हे करू नये असं माझं मत आहे. त्यापेक्षा ब्रिटनमध्ये बसून टीव्हीसाठी एक वेगळं गूगल खातं काढावं, टीव्हीच्या सेटिंगमधल्या खात्यांच्या भागात ते जोडावं आणि अ‍ॅप त्या खात्यातून घ्यावं. फोनवरचं जुनं खातं तसंच राहू द्यावं.

सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हींची स्वतःची दुकानं असतात, तिथे टीव्हीतलाच देश चालतो. एलजीमध्ये तो `LG Services Country` या नावाखाली सापडतो. भारतातून टीव्ही बरोबर नेला असेल आणि त्याचा देश बदलता येत नसेल, तर त्याच्याशी झुंजत बसू नये. तिथल्या दुकानातून एक स्ट्रीमिंग स्टिक आणून एचडीएमआयला लावली, की अ‍ॅपच्या बाबतीत टीव्ही नुसता पडदा उरतो.

दुसरं ठिकाण इंटरनेटचा पत्ता, म्हणजे आयपी. अ‍ॅप आपण कुठे आहोत हे त्यावरून ओळखतं. इथे एक गंमत होते. आईच्या फोनमध्ये भारतातलं सिम रोमिंगवर असतं. त्या फोनवर वाय-फाय बंद असताना मालिका छान चालते आणि टीव्हीवर मात्र ‘तुमच्या भागात उपलब्ध नाही’ असं येतं. मग टीव्हीच खराब आहे असं घरात ठरतं. खरं कारण असं की, रोमिंगचा डेटा सहसा भारतातल्या कंपनीच्या यंत्रणेतून फिरून येतो, त्यामुळे अ‍ॅपला तो फोन पुण्यातच वाटतो. त्याच फोनला घरचं वाय-फाय जोडा, की त्यावरही टीव्हीसारखाच निरोप येतो. व्हीपीएन लावून टीव्हीला भारतात ‘नेणं’ हा याच युक्तीचा मुद्दाम केलेला प्रकार. त्याने अ‍ॅपच्या अटी मोडतात आणि पैसे भरलेलं खातं बंद होण्याची शक्यता असते. कोणी ऑफिसच्या कामासाठी राउटरवरच व्हीपीएन लावून ठेवला असेल, तर नकळतही असंच होतं.

तिसरं ठिकाण अ‍ॅपमधलं खातं. पुण्यात रुपयांत घेतलेलं सदस्यत्व भारतात पाहण्यासाठी असतं. ते ब्रिटनमध्ये चालेल असं धरून चालू नये. तिथे अ‍ॅप उघडलं की तिथल्या योजना पौंडांत दिसतात, आणि त्या तिथल्याच कार्डाने घ्याव्यात. नोंदणी शक्यतो ईमेलने करावी. भारतातला मोबाइल नंबर दिला तर ओटीपी त्या सिमवर जातो आणि आई पुण्याला परतली की ओटीपीही तिच्याबरोबर जातो. टीव्हीवर रिमोटने पासवर्ड टाइप करत बसण्याची गरज नसते. पडद्यावर एक कोड आणि वेबसाइटचा पत्ता येतो. फोनवर तो पत्ता उघडून कोड टाकला की झालं.

पैसे भरण्याआधी मालिकेचं पान उघडून शेवटच्या भागाची तारीख पाहावी. ती कालची किंवा आजची असेल तर ठीक. सहा महिन्यांपूर्वीची असेल, तर त्या देशात ती मालिका नियमित येत नाही असं समजावं.

काही अडलंच तर लक्षणावरून जागा कळते. अ‍ॅप शोधूनही सापडत नसेल तर स्टोअरचा देश पाहा. अ‍ॅप उघडतं, पण भाग लावताच नकार येतो, तर इंटरनेटचा पत्ता किंवा त्या देशातले हक्क. आणि पैसे भरूनही अ‍ॅप पुन्हा योजना विकत घ्यायला सांगत असेल, तर बहुधा दुसऱ्याच ईमेलने प्रवेश केलेला असतो.

एवढ्या खटपटीपेक्षा शेकडो वाहिन्यांचा डबा बरा, असं सांगणारं ओळखीतलं कोणीतरी भेटतंच. अधिकृत स्टोअरबाहेरून फाइल उतरवायला लावणारा, पैसे व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलेल्या खात्यात मागणारा डबेवाला परवानाधारक नसतो. असा डबा एके दिवशी बंद पडला, तर तक्रार करायला कंपनी नसते.

आई परत गेली की सदस्यत्व बंद करायचं राहून जातं आणि पुढच्या वर्षीचे पैसे आपोआप कापले जातात. नुसतं अ‍ॅप काढून टाकल्याने ते थांबत नाही. योजना प्ले स्टोअरमधून घेतली असेल तर ती प्ले स्टोअरच्या सदस्यत्वांच्या यादीतून बंद करावी लागते, आणि तीही ज्या गूगल खात्यातून घेतली त्याच खात्यातून. वेबसाइटवर कार्डाने घेतली असेल तर वेबसाइटवरच.