लोणच्याच्या वर्गाची जाहिरात: तारीख, शुल्क आणि बरणी

घरगुती लोणच्याचा वर्ग घेणाऱ्या गृहिणीची जाहिरात साधारण अर्ध्या पानाची असते. कोणते लोणचे, कधी, कुठे, किती पैसे आणि येताना काय आणायचे, एवढाच तिचा मजकूर. पण कैरीच्या लोणच्याची जाहिरात नीट लिहिलेली असेल, तर तिच्या प्रत्येक ओळीमागे लोणच्याच्या कृतीतलेच एखादे कारण असते. एक नमुना घेतला की ही कारणे उलगडत जातात.

समजा, जाहिरात अशी आहे: ‘पारंपरिक कैरीचे लोणचे. शनिवार ३० मे आणि रविवार ३१ मे २०२६, दुपारी ३ ते ६. बरणी तपासण्यासाठी रविवार ७ जून, सकाळी १० ते ११. शुल्क ६०० रुपये, त्यातले २०० नोंदणीच्या वेळी. नोंदणी गुरुवार २८ मेपर्यंत, जागा दहा. प्रत्येकीला अर्धा किलो फोडींचे लोणचे घरी नेता येईल. येताना एक लिटरची काचेची किंवा चिनी मातीची बरणी, झाकणाचे स्टीलचे पातेले, दोन सुती पंचे आणि घरात रोज मापाला वापरता ती वाटी आणावी. मोहरी किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असल्यास आधी कळवावे.’

आधी तारखा. वर्षाच्या लोणच्याला बाठ धरलेली कैरी लागते. कोवळ्या कैरीची फोड मुरताना विरघळते, आणि पाडाला आलेल्या कैरीचा आंबटपणा उतरलेला असतो. फोडीला कोयीच्या टणक कवचाचा तुकडा चिकटून राहिला की तिचा आकार वर्षभर टिकतो. राजापुरीसारखी मोठी, घट्ट आणि आंबट कैरी या अवस्थेत मे अखेरीपासून बाजारात भरपूर दिसू लागते. पुष्कळ घरांत मृगाची पहिली सर पडल्याशिवाय लोणच्याची कैरी आणत नाहीत आणि ती रीतही चालत आलेली आहे. तरी नवशिक्यांच्या वर्गाला पावसाआधीचा आठवडा अधिक सोयीचा. हवा कोरडी असते, बरणी उन्हात खडखडीत वाळते आणि पुसलेल्या फोडींना पुन्हा ओल धरत नाही.

दोन दिवस सलग का, याचे उत्तर मिठात आहे. पहिल्या दुपारी कैऱ्या धुऊन कोरड्या पुसायच्या, फोडायच्या, आतली कोय आणि कवचाला चिकटलेला पातळ पापुद्रा काढायचा आणि प्रत्येक फोड पंचाने टिपायची. मग फोडींचे वजन करून त्यांना मीठ आणि हळद चोळून पातेले झाकून ठेवायचे. रात्रभरात मीठ कैरीतले पाणी ओढून घेते आणि पातेल्याच्या तळाशी खार सुटतो. हा खार ओतून द्यायचा नसतो, मोहरीची डाळ त्यातच भिजते. मीठ लागलेली फोड दुसऱ्या दिवशी हातात धरली की तिच्या कडा किंचित लवतात, पण मध्यभाग कडकच असतो. हा स्पर्श कळण्यासाठी रात्र मध्ये जावीच लागते. म्हणून एका दुपारीत कैरीचे मुरवणीचे लोणचे पूर्ण शिकवण्याचे आश्वासन देणारी जाहिरात या टप्प्यावरून उडी मारत असते. एका दिवसात होते ते ताजे, आठवडाभरात संपवायचे लोणचे. तेही छान लागते, पण ती कृती वेगळी.

दुसऱ्या दुपारी सगळ्यांत आधी फोडणी होते, कारण ती पूर्ण निवायला वेळ लागतो. तेल धूर येईपर्यंत तापवून गॅस बंद करायचा, ते थोडे उतरले की मोहरी, हिंग आणि हळद घालायची आणि पातेले बाजूला ठेवायचे. तोवर मेथी थोड्या तेलात मंद आचेवर बदामी रंगावर तळून कुटायची. ती जरा जास्त तांबडी झाली तर कडवटपणा सगळ्या बरणीत उतरतो. अर्धा किलो फोडींना बेताचे प्रमाण असे: मीठ ९० ग्रॅम, मोहरीची डाळ ५० ग्रॅम, तिखट ४० ग्रॅम, हळद १० ग्रॅम, हिंग आणि मेथी प्रत्येकी ८ ग्रॅम, तेल १५० ग्रॅम. मोहरीची डाळ, तिखट आणि मेथी खारासकट फोडींत कालवायची आणि गार झालेल्या फोडणीतली अर्धी त्यात मिसळायची. बरणी दाबून भरली की उरलेली वरून ओतायची. फोडणी गरम असताना ओतली तर तिखट काळवंडते, फोडी मऊ पडतात आणि मोहरीचा झणका नीट उतरत नाही. तो झणका मोहरी दळली जाऊन ओलाव्याशी भेटली की तयार होतो, आणि उष्णतेने ही क्रिया थांबते.

या प्रमाणातले मीठ अनेकींना जास्त वाटते आणि नेमके तेच कमी केले जाते. कैरीत बहुतांश पाणीच असते. अर्धा किलो फोडींतल्या साधारण सव्वाचारशे ग्रॅम पाण्यात ९० ग्रॅम मीठ विरघळले, म्हणजे खारात सतरा टक्क्यांच्या आसपास मीठ झाले. इतक्या खारट आणि वर आंबट असलेल्या पाण्यात नासवणारे जीव वाढत नाहीत. मीठ निम्मे केले तर लोणचे आठ-दहा दिवसांत फसफसू लागते आणि बरणी उघडताना बुडबुडे दिसतात. मीठ कमी खायचे असेल तर लोणचे थोडे घालावे आणि फ्रीजमध्ये ठेवावे, वर्षाच्या बरणीचे प्रमाण मोडू नये.

घरची वाटी आणायला सांगण्याचे कारणही हेच. आजी-आईंच्या कृती वाटीत सांगितलेल्या असतात, चार वाट्या फोडींना एक वाटी मीठ अशा. पण प्रत्येक घरची वाटी वेगळी, आणि जाड्या मिठाची वाटी बारीक मिठाच्या वाटीपेक्षा हलकी भरते. वर्गात प्रत्येकीने आपल्या वाटीने मीठ, डाळ आणि तिखट मोजून काट्यावर ठेवायचे आणि वहीत लिहून घ्यायचे. एकदा हे आकडे हाती आले की पुढे काटा नसला तरी अडत नाही. लोणच्याच्या वर्गात शिकण्यासारखी ही सर्वांत उपयोगी गोष्ट, आणि ती घरच्या वाटीशिवाय शिकता येत नाही.

बरणीबद्दल जाहिरातीत एक वाक्य जास्त असायला हवे: ‘धुऊन दोन दिवस उन्हात वाळवलेली’. आत पाण्याचा थेंब राहिला तर मीठ त्या जागी पातळ होते आणि बुरशीला वाव मिळतो. एक लिटरची बरणी का, तर वरच्या प्रमाणाचे लोणचे साडेआठशे ग्रॅमच्या आसपास होते. त्यावर तेलाचा थर आणि ढवळायला दोन बोटे जागा राहायला हवी. झाकण प्लॅस्टिकचे असावे, कारण पत्र्याच्या झाकणाला मीठ आणि आंबट लागून गंज चढतो. ॲल्युमिनियम, तांबे किंवा पितळ या कामात नको. स्टीलचे पातेले एका रात्रीसाठी चालते, पण लोणच्याची कायमची साठवण त्यात करू नये. एक पंचा फोडी पुसायला, दुसरा बरणीच्या तोंडाला दादरा म्हणून बांधायला. विळी किंवा सुरी आणायला सांगत नाहीत. बाठ धरलेली कैरी घरच्या सुरीने फोडताना हात कापतो, त्यासाठी मोठा अडकित्ता लागतो आणि तो शिकवणारीकडे असतो.

शुल्काचा हिशेब बाजारभावाप्रमाणे दरवर्षी बदलतो, पण त्याची मांडणी अशी असते. अर्धा किलो फोडींना कोय आणि देठ वजा जाता सुमारे ७०० ग्रॅम कैरी लागते. किलोला ८० रुपये भाव धरला तर ५६ रुपये. मोहरीची डाळ १५, तिखट २०, हळद, हिंग आणि मेथी मिळून २५, तेल ३० आणि मीठ ५ धरले की एकीचे साहित्य १५१ रुपयांचे झाले. दाखवण्यासाठीचा वेगळा घाणा, गॅस आणि काही खराब निघालेल्या कैऱ्या यांचे ५० रुपये धरून दोनशेचा खर्च. म्हणूनच आगाऊ रक्कम दोनशे ठेवलेली असते. गुरुवारी आकडा ठरला की शुक्रवारी कैरी येते. ती परत करता येत नाही, आणि दोन दिवस पडून राहिली तर नरम पडायला लागते. ऐनवेळी न येणारीचे आगाऊ पैसे परत मिळणार नाहीत, हे जाहिरातीत स्वच्छ लिहिलेले बरे. सहाशेतून उरलेले चारशे, दहाजणींचे चार हजार, हा तीन दिवसांच्या कामाचा आणि आधीच्या तयारीचा मोबदला. घरातले काम म्हणून तो धरायचाच नाही, असे पुष्कळदा होते. तसे होऊ नये, कारण मोहरी निवडण्यापासून पातेली घासण्यापर्यंत सगळे तिच्याच अंगावर असते.

ॲलर्जीची ओळही जागा भरायला नसते. तेल शेंगदाण्याचे असेल तर ते आधी कळायला हवे. बाजारच्या खड्याच्या किंवा पुडीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, त्यामुळे गहू वर्ज्य असणारीला पाकीट वाचून दाखवावे लागते.

आठवड्याने होणारी तिसरी भेट तासाभराचीच असते, पण दहा बरण्या शेजारी ठेवल्या की फरक डोळ्यांना दिसतात. मधल्या दिवसांत प्रत्येकीने रोज कोरड्या चमच्याने लोणचे तळापासून ढवळायचे असते. ज्या बरणीत फोडी तेलाच्या वर आल्या आहेत, तिथे १५० ग्रॅम तेल पुरलेले नसते. पुन्हा थोडे तेल तापवून पूर्ण गार करून ओतायचे, फोडींवर अर्धा बोट थर येईपर्यंत. मसाला कोरडा आणि फोडीपासून सुटा दिसत असेल तर खार कमी सुटलेला असतो, बहुधा कैरी जुनी असल्यामुळे. अशी बरणी आधी संपवायला काढावी. पृष्ठभागावर पांढरी किंवा हिरवट लव दिसली तर ती बुरशी. वरचा थर काढून खालचे खाणे सुरक्षित नाही, ती बरणी टाकूनच द्यावी लागते. सगळे ठीक असेल तर वास झणझणीत आणि स्वच्छ आंबट येतो, मसाला दाट होऊन फोडींना धरून बसतो आणि आणखी दोन-तीन आठवड्यांत लोणचे खाण्याजोगे मुरते.

ही तिसरी तारीख जाहिरातीतून गाळली तर वर्ग दोन दिवसांत आटोपतो आणि शुल्कही थोडे कमी ठेवता येते. मात्र तेल कमी पडलेली बरणी मग शिकणारीच्या घरी जूनच्या दमट हवेत बिघडते, आणि ती कशाने बिघडली हे सांगायला जवळ कोणी नसते.