रेषा अक्षाला कुठे भेटते?

टॉर्च अगदी मंद झाला म्हणून त्यातला पेन्सिल सेल काढून मल्टीमीटरला लावावा, तर पडद्यावर 1.4 व्होल्ट दिसतात. नव्या सेलवर 1.5 लिहिलेले असते. फरक जेमतेम दशांश व्होल्टचा, तरी नव्या सेलवर लख्ख उजेड पडतो आणि जुन्यावर बल्बची तार नुसती लालसर होते. मीटर बिघडलेला नाही आणि बल्बही ठीक आहे. मीटरने सेलची एकच गोष्ट मोजली आहे आणि बल्बला नडणारी गोष्ट दुसरीच आहे. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाहायच्या तर ग्राफपेपरवर एक सरळ रेषा काढावी लागते.

सुरुवात बारावीच्या प्रयोगवहीतल्या ओळखीच्या आलेखापासून करू. एका तारेतून विद्युतधारा सोडायची, रिओस्टॅट सरकवून ती हळूहळू वाढवायची आणि दर वेळी तारेच्या टोकांमधले विभवांतर टिपायचे. आडव्या अक्षावर धारा, उभ्या अक्षावर विभवांतर. बिंदू एका रेषेत येतात आणि त्या रेषेचा चढ म्हणजे तारेचा रोध, असे आपण पाठ केलेले असते. पण चढ म्हणजे नक्की काय? धारा एक अँपिअरने वाढवायची तर किती व्होल्ट जादा मोजावे लागतात, याचे उत्तर. उभ्या अक्षाचे एकक भागिले आडव्या अक्षाचे एकक, म्हणजे व्होल्ट प्रति अँपिअर, म्हणजेच ओहम. म्हणून चढ काढताना कोनमापक लावून रेषेचा कोन मोजणे चुकीचे ठरते. ग्राफपेपरवरचे प्रमाण बदलले की कोन बदलतो, तारेचा रोध मात्र बदलत नाही. रेषेवरचे एकमेकांपासून लांबचे दोन बिंदू घ्यावेत, अक्षांवरून त्यांच्या किमती वाचाव्यात आणि विभवांतरांमधल्या फरकाला धारांमधल्या फरकाने भागावे.

इथे एक शंका साहजिक आहे. प्रत्येक नोंदीत विभवांतराला धारेने भागले तरी रोध मिळतोच, मग आलेखाचा खटाटोप कशाला? समजा 0.1, 0.2, 0.3 आणि 0.4 अँपिअरला व्होल्टमीटरने अनुक्रमे 0.50, 0.95, 1.40 आणि 1.85 व्होल्ट दाखवले. भागाकार केले की 5.0, 4.75, 4.67 आणि 4.63 ओहम अशी उत्तरे येतात. एकाच तारेचे चार रोध! या चारांची सरासरी काढणारे पुष्कळ असतात, आणि तीही चुकते. आलेख काढला तर चारही बिंदू एका रेषेवर चोख बसतात. धारा 0.1 ने वाढली की विभवांतर दर वेळी 0.45 नेच वाढते, म्हणजे चढ 4.5 ओहम. फक्त ही रेषा आरंभबिंदूतून जात नाही. ती उभ्या अक्षाला 0.05 व्होल्टवर छेदते.

अक्षावरच्या या छेदाला आंतरछेद म्हणतात आणि त्याचा अर्थ लावायला एकच प्रश्न पुरतो: त्या जागी कोणती राशी शून्य झाली आहे? इथे धारा शून्य आहे. धारा नसताना तारेच्या टोकांमध्ये विभवांतर असायचे कारण नाही, तरी मीटर 0.05 दाखवतो. म्हणजे ते 0.05 तारेचे नव्हेत, मीटरचे आहेत. त्याचा काटा मुळातच शून्याच्या जरा पुढे उभा आहे. ही शून्यत्रुटी प्रत्येक नोंदीत सारखीच मिसळलेली असल्यामुळे फरक घेताना ती आपोआप गळून पडते. चढ तिच्यापासून सुरक्षित राहतो, भागाकार मात्र नासतात. म्हणून ‘रेषा आरंभबिंदूतून जायलाच हवी’ असे ठरवून पट्टी मुद्दाम शून्यावर टेकवणाऱ्याचे दुहेरी नुकसान होते. चढ चुकतोच, शिवाय मीटरचा दोष सांगणारी खूण पुसली जाते.

आता सेलकडे वळू. मांडणी जवळपास तीच, पण व्होल्टमीटर तारेऐवजी सेलच्याच दोन टोकांना जोडायचा. एका साध्या सेलसाठी आकडे असे घेऊ: 0.1 अँपिअरला 1.45 व्होल्ट, 0.3 ला 1.34 आणि 0.5 ला 1.23. या वेळी रेषा उतरती आहे. सेलकडून जितकी जास्त धारा घ्यावी तितके त्याच्या टोकांवर कमी व्होल्ट उरतात, कारण सेलच्या आतल्या रसायनांतूनही धारेला वाट काढावी लागते आणि तिथेही रोध असतो. याला अंतर्गत रोध म्हणतात. सूत्र असे:

V = E − Ir

याची सरळ रेषेच्या समीकरणाशी सांगड घातली की सगळे उलगडते. चढ −r आहे. वरच्या आकड्यांत धारा 0.4 ने वाढली आणि विभवांतर 0.22 ने घटले, म्हणून r = 0.55 ओहम. ऋण चिन्ह दिसले म्हणून रोध ऋण झाला असे नाही. ‘धारा वाढली की टोकांवरचे व्होल्ट घटतात’ एवढेच ते चिन्ह सांगते. उभ्या अक्षावरचा आंतरछेद E आहे. रेषा मागे शून्य धारेपर्यंत वाढवली की ती साधारण 1.5 व्होल्टवर पोचते. सेल काहीच धारा देत नसताना त्याच्या टोकांवर असलेले हे विभवांतर म्हणजेच त्याचा ईएमएफ.

टॉर्चमधल्या जुन्या सेलची रेषा काढली तर ती कशी दिसेल? समजा त्याचा ईएमएफ 1.4 व्होल्ट आहे आणि अंतर्गत रोध वाढत वाढत 5 ओहम झाला आहे. दोन्ही रेषा उभ्या अक्षावर जवळजवळ एकाच ठिकाणी सुरू होतात, पण जुन्या सेलची झपाट्याने कोसळते. बल्बला 0.3 अँपिअर हवेत. नव्या सेलमध्ये त्यासाठी आतल्या आत 0.17 व्होल्टच्या आसपास खर्च होतात. जुन्यात 1.5 व्होल्ट लागतील, आणि तेवढे त्याच्याकडे मुळात नाहीतच. मल्टीमीटरचा स्वतःचा रोध साधारण 1 कोटी ओहम असतो. तो सेलकडून नगण्य धारा घेतो, म्हणून त्याला फक्त आंतरछेद दिसतो. बल्बची गाठ चढाशी पडते. सेलची खरी परीक्षा घ्यायची तर बल्ब पेटलेला ठेवूनच मीटर लावला पाहिजे.

या आलेखात दोन ठिकाणी हमखास फसायला होते. नोंदी 1.2 ते 1.5 व्होल्टच्या दरम्यानच असल्याने उभा अक्ष बहुतेक जण 1.2 पासून सुरू करतात, आणि त्यात गैर काही नाही. पण मग रेषा खाली वाढवून ती कागदाच्या तळाशी जिथे टेकते तो आडवा आंतरछेद समजू नये. तिथे विभवांतर शून्य नसून 1.2 आहे. खरा आडवा आंतरछेद E भागिले r, म्हणजे सुमारे 2.7 अँपिअरवर आहे. सेलची दोन टोके थेट जोडली तर वाहील अशी ती धारा. तीही कागदावरचीच समजावी, कारण आपण मोजले ते 0.5 अँपिअरपर्यंत. एवढ्या मोठ्या धारेला सेल तापतो, आतली रसायने पुरी पडत नाहीत आणि अंतर्गत रोध स्थिर राहत नाही. मोजलेल्या बिंदूंपासून जवळ असलेला आंतरछेद भरवशाचा, फार लांब असलेला नुसता अंदाज.

दुसरा धोका सेल दमण्याचा. नोंदी घेता घेता सेल उतरत जातो आणि शेवटच्या नोंदी दमलेल्या सेलच्या ठरतात, त्यामुळे चढ खऱ्यापेक्षा जास्त भरतो. हे ओळखायचा उपाय सोपा आहे. धारा वाढवत नेऊन नोंदी घ्याव्यात, मग कमी करत त्याच धारांना पुन्हा घ्याव्यात. परतीचे बिंदू पहिल्या रेषेच्या खाली पडले तर सेल मध्येच बदलला आहे. म्हणूनच प्रयोगशाळेत कळ क्षणभर दाबून नोंद घेतात आणि लगेच सोडतात.

आणखी एक त्रुटी मात्र विभवांतर आणि धारेच्या आलेखात लपून राहते. तारेची टोके सैल बसली असतील तर तिथला जादा रोध थेट चढात मिसळतो. आंतरछेद शून्य राहतो आणि सगळे आलबेल वाटते. तो रोध वेगळा काढायचा तर आडव्या अक्षावर दुसरीच राशी घ्यावी लागते: तारेची लांबी. लांबी शून्य केल्यावरही जो रोध उरतो, तो तारेचा असूच शकत नाही.

गेओर्ग ओहम यांचा 1826 सालचा शोध नेमका याच वाटेने झाला. जर्मनीत कोलोन इथे शिकवणाऱ्या ओहम यांना आदल्या वर्षी विद्युत घटांनी दगा दिला होता. घट मोजता मोजता उतरत आणि नियम हाती लागत नसे. पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून त्यांनी घट बाजूला ठेवले आणि बिस्मथ व तांब्याचा सांधा वापरला. त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले की विभवांतर स्थिर राहते. मग 2 इंचांपासून 130 इंचांपर्यंत तारेचे आठ तुकडे पाळीपाळीने जोडून त्यांनी टांगलेल्या चुंबकसूचीवर धारेचा परिणाम मोजला. एका मालिकेत 2 इंचांना 326¾ आणि 130 इंचांना 48½ असे आकडे आले. हा परिणाम X आणि तारेची लांबी x मानली, तर त्यांना सापडलेले सूत्र असे होते:

X = a / (b + x)

हे सरळ रेषेचे समीकरण नाही. पण X ऐवजी 1/X उभ्या अक्षावर घ्या, आठही बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतात. ही रेषा आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे, उणे 20¼ इंचांपाशी भेटते. उणे लांबीची तार नसते. मग हे 20¼ इंच कशाचे? सांधा आणि जोडण्या मिळून उपकरणाचा स्वतःचा जो रोध होता, तो त्या तारेच्या 20¼ इंचांइतका भरत होता.

हा अर्थ बरोबर की नुसती कल्पना, याची परीक्षा ओहम यांनी स्वतःच घेतली. त्यांनी दोन टोकांच्या तापमानांमधला फरक बराच कमी केला. उपकरण तेच, फक्त धारा ढकलणारा जोर घटला. a लहान झाला, b तसाच राहिला. आपल्या आलेखात याचा अर्थ असा की रेषा पहिलीपेक्षा कितीतरी उभी झाली, तरी आडव्या अक्षाला पूर्वीच्याच जागी भेटली. a हा स्रोताचा गुण आणि b हा मांडणीचा, हे त्यावरून ठरले. चढाला किंवा आंतरछेदाला आपण दिलेले नाव खरे आहे का, हे पाहायची हीच रीत आहे. परिपथातली एकच गोष्ट बदलायची आणि रेषेचा नेमका तेवढाच भाग हलतो का, ते बघायचे.