लिटरभर दुधाला विरजण किती?

एक लिटर दुधाला चहाचा एक चमचा, म्हणजे साधारण 5 ग्रॅम, ताजं विरजण पुरतं. थंडीत दोन चमचे. तरीही दही लवकर आणि घट्ट लागावं म्हणून अनेक घरांत डावभर विरजण घातलं जातं आणि सकाळी पातेल्यात आंबट, पाणी सुटलेलं दही मिळतं.

विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं, म्हणजे लॅक्टोजचं, लॅक्टिक आम्ल करतात. आंबटपणा हळूहळू वाढला की दुधातलं केसीन हे प्रथिन एकमेकांना धरत बारीक विणीचं जाळं तयार करतं आणि पाणी त्यात अडकून राहतं. हेच कवडीदार दही. आम्ल झपाट्यानं वाढलं, तर जाळं घाईघाईत, जाड आणि विरळ विणलं जातं. पुढे आम्ल वाढतच राहिलं की ते आकसतं आणि पाणी बाहेर पडतं.

जास्त विरजणानं वेळही फारसा वाचत नाही. कोमट दुधात हे जिवाणू साधारण तासाभरात दुप्पट होतात असं धरू. एका चमच्याऐवजी चार चमचे घातले, तर त्यांना दोनदा दुप्पट होण्याचा, म्हणजे जेमतेम दोन तासांचा वेळ वाचतो. रात्री दहाला एका चमच्यानं लावलेलं दही पहाटे पाचला लागत असेल, तर चार चमच्यांचं तीनच्या सुमारास लागेल. सातला उठेपर्यंत ते चार तास आंबत राहील. शिवाय त्या तीन जादा चमच्यांबरोबर जुन्या दह्याचा आंबटपणाही दुधात उतरतो. विरजण शिळं असेल, तर तो अधिकच जाणवतो.

म्हणून दही लागत नसेल, तर विरजण वाढवण्याआधी ऊब पाहावी. दूध चांगलं उकळून, बोट बुडवल्यावर सोसेल इतकं कोमट, 40 अंशांच्या आसपास येऊ द्यावं. फार गरम दुधात जिवाणू मरतात, गार दुधात ते मंदावतात. विरजण थोड्या दुधात गुठळी न राहता फेटून मग सगळ्या दुधात मिसळावं. गुठळी राहिली, तर तिच्याभोवती आधी आंबट होतं आणि बाकीचं दूध मागे राहतं. हिवाळ्यात पातेलं जाड टॉवेलात गुंडाळून बंद कपाटात ठेवावं. मग ते हलवू नये.

पातेलं किंचित कलंडवल्यावर दही कडेपासून एकसंध सुटलं, की ते लागलं असं समजावं. तेव्हाच फ्रिजमध्ये ठेवावं. वर पाण्याचा थर दिसू लागला, तर उशीर झाला. उद्याचं विरजण मात्र आंबायच्या आधी, याच ताज्या दह्यातून चमचाभर काढून ठेवावं.