पगार 28,000, हातात 25,400

पुण्याजवळच्या एखाद्या छोट्या कारखान्यातल्या कामगाराची पगारपत्रक घेऊ. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 20,000 रुपये, घरभाडे भत्ता 6,000 आणि महिन्यातल्या जादा कामाचे, म्हणजे ओव्हरटाइमचे, 2,000. एकूण पगार 28,000. पीएफ मात्र या सगळ्यावर कापला जात नाही. घरभाडे आणि ओव्हरटाइम कायद्यानेच वगळलेले आहेत, त्यामुळे 20,000 वर 12 टक्के, म्हणजे 2,400 रुपये कापले जातात. (पीएफ वाचवायला मूळ वेतन कमी दाखवून बाकीची रक्कम ‘विशेष भत्ता’ म्हणून देण्याची युक्ती जुनी आहे. सरसकट सगळ्यांना मिळणारा असा भत्ता पीएफसाठी धरावाच लागेल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये दिला.) शिवाय महाराष्ट्राचा व्यवसाय कर 200 रुपये, फेब्रुवारीत 300. दोन्ही वजा जाता बँकेत 25,400 जमा होतात.

मालकही 12 टक्के भरतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून पासबुक उघडल्यावर मालकाच्या रकान्यात 2,400 ऐवजी 1,150 दिसले की माणूस थेट अकाउंट्समध्ये विचारायला जातो. पैसे कुठे गेलेले नसतात. मालकाच्या हिश्श्यातले 8.33 टक्के पेन्शन योजनेकडे वळतात, पण तो हिशेब जास्तीत जास्त 15,000 रुपये वेतनावरच होतो. ही मर्यादा सप्टेंबर 2014 पासूनची. त्यामुळे 1,250 पेन्शनला आणि उरलेले 1,150 पीएफला. पेन्शनचे पैसे कामगाराच्या नावे साठत नाहीत, त्यावर व्याजही मिळत नाही. ते एका सामायिक निधीत जातात आणि पुढे सूत्राप्रमाणे पेन्शन बसते. त्यामुळे त्याच्या पीएफमध्ये या महिन्यात 2,400 अधिक 1,150, म्हणजे 3,550 रुपयांची भर पडते.

मालकाचा खर्च 2,400 वर थांबत नाही. पीएफशी जोडलेल्या विम्याचे अर्धा टक्का, तेही 15,000 वरच, म्हणून 75 रुपये. आणि प्रशासकीय शुल्क 20,000 वर अर्धा टक्का, म्हणजे 100. हे 175 कामगाराकडून घेता येत नाहीत. तेव्हा 28,000 पगाराचा माणूस मालकाला 30,575 रुपयांना पडतो.

आता रोजकीर्द. महिनाअखेरीला, पैसे प्रत्यक्ष देण्याआधीच, दोन नोंदी होतात:

वेतन खाते नावे 28,000
  देय पीएफ खाते जमा 2,400
  देय व्यवसाय कर खाते जमा 200
  देय वेतन खाते जमा 25,400

पीएफ खर्च खाते (मालकाचा हिस्सा व शुल्क) नावे 2,575
  देय पीएफ खाते जमा 2,575

पगार बँकेतून गेला की देय वेतन 25,400 नावे आणि बँक जमा. पीएफचं चलन भरलं की देय पीएफ 4,975 नावे आणि बँक जमा. व्यवसाय कराचंही तसंच. चुकतं आणि देय खाती शून्यावर येतात.

लहान धंद्यात मात्र अनेकदा आडवाट धरली जाते. बँकेतून 25,400 गेले की तेवढेच वेतन खात्यावर टाकायचे आणि चलनाचे 4,975 सगळेच्या सगळे पीएफ खर्चात. गंमत अशी की बेरीज जुळते. 25,400, 4,975 आणि व्यवसाय कराचे 200 मिळून 30,575 च होतात, त्यामुळे नफ्याचा आकडा हलत नाही आणि वर्षभर कुणाला काही वाटतही नाही. पण वेतन 2,600 नी कमी आणि पीएफ खर्च 2,400 नी जास्त दिसतो. ओळखायची सोपी खूण आहे: पीएफ खर्चाला पीएफ कापलेल्या वेतनाने भागा. 20,000 वर 2,575 म्हणजे जेमतेम 13 टक्के. आकडा 25 टक्क्यांच्या आसपास निघाला, तर कामगाराचे पैसे मालकाच्या खर्चात मिसळलेत.

खरं नुकसान मार्चमध्ये होतं. मार्चचं चलन एप्रिलमध्ये भरलं जातं, आणि देय खातंच उघडलेलं नसेल तर 31 मार्चच्या ताळेबंदात ते देणं दिसत नाही. मार्चचा खर्चही पुढच्या वर्षात ढकलला जातो.

देय पीएफ एकाच खात्यात न ठेवता कामगाराचे 2,400 आणि मालकाचे 2,575 वेगळे ठेवलेले बरे, असं माझं मत आहे. चलन एकच असलं तरी प्राप्तिकर त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघत आला. मालकाचा हिस्सा उशिरा, पण विवरणपत्राच्या मुदतीआधी भरला तर खर्च म्हणून वजावट मिळते. कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे मात्र पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायलाच हवेत. 16 तारखेला भरले तरी व्याज आणि दंड वेगळा, शिवाय जुन्या नियमात त्या 2,400 ची वजावट कायमची जात असे. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हे स्पष्ट केलं होतं. त्यामुळे त्या महिन्यात हाती पैसे कमी असले, तर आधी कुठला हिस्सा भरायचा हे दोन वेगळी खाती पाहून लगेच कळायचं.