गोळीआधीचे एक मिनिट

वॉर्डात सकाळची औषधे वाटताना सिस्टर बहुतेक गोळ्या नाव आणि डोस ताडून रुग्णाच्या हातावर ठेवते आणि पुढच्या खाटेकडे वळते. डिगॉक्सिनची गोळी असली की मात्र ती थांबते, घड्याळ पाहते आणि पूर्ण एक मिनिट हृदयाचे ठोके मोजते. गोळी द्यायची की नाही, हे त्यानंतर ठरते.

डिजिटॅलिस या फुलझाडापासून मिळणारे हे औषध हृदयाचे आकुंचन थोडे जोरकस करते. शिवाय वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जाणारे विद्युत संदेश ते मंदावते. संधिवाताच्या तापाने झडप आकसलेल्या आणि त्यामुळे ठोके अनियमित, भरधाव झालेल्या रुग्णांना ते आपल्याकडे आजही दिले जाते. अडचण अशी, की उपयोगी पडणारी मात्रा आणि विषारी ठरणारी मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने 1785 मध्ये या झाडावर पुस्तक लिहिले, तेव्हाच त्याने बजावले होते की लघवी, पोट, नाडी किंवा शौच यांपैकी कशावरही परिणाम दिसू लागताच औषध थांबवावे. नाडी मोजण्याची शिस्त इतकी जुनी आहे.

मोजायचे कसे? रुग्णाला पाच-दहा मिनिटे शांत बसू किंवा पडू द्यावे. वॉर्डात मनगटाऐवजी स्टेथोस्कोप छातीवर ठेवतात. डावीकडे, गळ्याच्या हाडाच्या मध्यापासून सरळ खाली आल्यावर पाचव्या आणि सहाव्या बरगडीमधली जागा सापडते. ‘लब-डब’ मिळून एक ठोका धरायचा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची सवय इथे घात करते, कारण ठोके अनियमित असतील तर एका पंधरा सेकंदांत 14 आणि पुढच्या पंधरात 21 भरू शकतात. मनगटही फसवते. काही ठोके इतके दुबळे असतात की त्यांची लाट मनगटापर्यंत पोहोचतच नाही. मनगटावर 56 आणि छातीवर 74 असे निघाले, तर खरा आकडा 74 धरायचा. नुसत्या मनगटावर विसंबून गोळी रोखली असती तर ती विनाकारण चुकली असती.

प्रौढांसाठी सर्वसाधारण रेषा मिनिटाला 60 ठोक्यांची आहे. आकडा त्याखाली आला की गोळी बाजूला ठेवून डॉक्टरांना कळवायचे. लहान मुलांचे हृदय मुळातच जलद चालते, म्हणून त्यांची रेषा बरीच वर असते. तान्ह्या बाळात ती 90 ते 100 च्या आसपास धरतात. काही प्रौढांना मात्र डॉक्टर 50 किंवा 55 ही मर्यादा आखून देतात. ती चिठ्ठीवर लिहून घेतलेली बरी, म्हणजे घरी सकाळी सातला कोणाला अंदाज बांधावा लागत नाही.

पण आकडा ठीक असला म्हणजे धोका नाही, असे मानू नये. समजा, सत्तरीच्या एका आजींना अनियमित ठोक्यांसाठी आठवड्यातून पाच दिवस डिगॉक्सिन आणि सोबत लघवीची गोळी चालू आहे. तीन दिवस जुलाब झाले, जेवण सुटले, मळमळ होऊ लागली. सून म्हणते, पोट बिघडले असेल. चौथ्या सकाळी मोजले तर ठोके 62, रेषेच्या वरच. पण वर्षानुवर्षे वेडेवाकडे पडणारे ठोके आज घड्याळासारखे नियमित आहेत. दिव्याभोवती पिवळसर वलय दिसते, असेही आजी सांगतात.

ही गोळी थांबवायचीच. अनियमित नाडी अचानक संथ आणि नियमित झाली, तर वरच्या कप्प्यांचे संदेश पूर्ण अडले असण्याची शक्यता असते, आणि मग हृदयाचा मधला भाग आपल्याच तालावर ठोके देत राहतो. जुलाब आणि लघवीच्या गोळीने पोटॅशियम घटते, आणि पोटॅशियम घटले की तेवढीच मात्रा जास्त विषारी ठरते. शरीरातले पाणी कमी झाल्याने मूत्रपिंडही औषध नीट बाहेर टाकत नाही. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तिथे ईसीजी, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि रक्तातल्या डिगॉक्सिनची तपासणी होते. त्यासाठीचे रक्त शेवटच्या गोळीनंतर किमान सहा तासांनी घ्यावे लागते, नाहीतर आकडा फुगलेला येतो. भोवळ, शुद्ध हरपणे किंवा धाप असेल तर फोनची वाट पाहत बसू नये.

एक गोळी थांबवली म्हणून औषध लगेच उतरत नाही. मूत्रपिंडे चांगली असतानाही निम्मे औषध जायला साधारण दीड ते दोन दिवस लागतात. ती दुबळी असतील तर चार-पाच दिवसही. म्हणून दुसऱ्या सकाळी नाडी सुधारलेली दिसली तरी घरच्यांनी आपल्या मनाने गोळी सुरू करू नये आणि राहिलेल्या डोसची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम तर मुळीच देऊ नयेत. पुढचा डोस केव्हा आणि किती, हे तपासण्या पाहून डॉक्टर ठरवतात. त्यांना फोन करताना मोजलेले ठोके, ते नियमित होते की अनियमित, शेवटची गोळी कधी घेतली आणि मध्यंतरी कोणते नवे औषध सुरू झाले, एवढे सांगावे. एमियोडॅरोन किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या औषधांनी रक्तातले डिगॉक्सिन वाढते, आणि ती अनेकदा दुसऱ्याच डॉक्टरांनी लिहून दिलेली असतात.