पाचव्या सेकंदाची चुकामूक

वेबसाइट दिवसभर सुरळीत चाललेली असते आणि मधूनच एखाद्याच्या स्क्रीनवर `502 Bad Gateway` उमटतं. पान पुन्हा उघडलं की सगळं ठाकठीक. तक्रार आली म्हणून सर्व्हर सांभाळणारी मंडळी ॲप्लिकेशनचा लॉग उघडतात, तर त्या वेळची नोंदच नाही. मेमरी भरलेली नाही, सीपीयूवर ताण नाही. मग ‘नेटवर्कचं काहीतरी असेल’ म्हणून विषय संपतो, आणि थोड्या दिवसांनी पुन्हा डोकं वर काढतो.

मोठ्या वेबसाइटवर आपला ब्राउझर थेट ॲप्लिकेशनशी बोलत नाही. मध्ये लोड बॅलन्सर असतो. तो आपली रिक्वेस्ट घेतो, मागच्या सर्व्हरांपैकी एकाकडे धाडतो आणि उत्तर आणून देतो. दर वेळी नवं कनेक्शन जोडण्यात वेळ जातो, म्हणून काम झालं तरी तो जुनं कनेक्शन तोडत नाही, पुढच्या रिक्वेस्टसाठी राखून ठेवतो. रिकामं कनेक्शन किती वेळ राखायचं याची मुदत मात्र दोन्ही टोकांना वेगवेगळी ठरलेली असते, आणि दोघांनी ती एकमेकांना विचारलेली नसते.

नेहमी आढळणारी जोडी घ्या. ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरची ही मुदत मुळात ६० सेकंदांची. मागे नोड.जेएसवर लिहिलेलं ॲप्लिकेशन असेल आणि कुणी काही बदललं नसेल, तर नोडच्या अनेक आवृत्त्यांत त्याची मुदत अवघी ५ सेकंद. म्हणजे लोड बॅलन्सरच्या हिशेबी जे कनेक्शन अजून बराच वेळ वापरता येणार आहे, ते ॲप्लिकेशन पाचव्या सेकंदालाच बंद करतं.

एरवी यात बिघडत काही नाही. बंद करताना ॲप्लिकेशन तसा निरोप पाठवतं आणि लोड बॅलन्सर ते कनेक्शन यादीतून काढून टाकतो. पण निरोप पोचायला मिलिसेकंदाचा अंशभर का होईना, वेळ लागतो. नेमक्या त्या फटीत लोड बॅलन्सरने तेच कनेक्शन उचलून नवी रिक्वेस्ट सोडली, की ती बंद दारावर आदळते. पलीकडची ऑपरेटिंग सिस्टीम ‘असं कनेक्शन नाही’ म्हणून ती झिडकारते आणि लोड बॅलन्सर ग्राहकाला ५०२ दाखवतो. रिक्वेस्ट ॲप्लिकेशनच्या कोडपर्यंत गेलेलीच नसते. लॉग कोरा असतो तो त्यामुळे.

फट एवढी बारीक, म्हणून एरर क्वचित. पण दर ५ सेकंदांनी ऑर्डरची स्थिती विचारणारं पान असेल, तर प्रत्येक विचारणा जवळपास त्या काठावरच पडते. भर गर्दीत कुठलंच कनेक्शन ५ सेकंद रिकामं राहत नाही, त्यामुळे त्रास जाणवत नाही. रात्री वर्दळ ओसरली की ५०२ दिसू लागतात. ताण कमी असताना चुका जास्त, हे उलटं गणित पाहून भलेभले गोंधळतात.

निदानासाठी लोड बॅलन्सरचा स्वतःचा लॉग पाहावा. तिथे प्रत्येक रिक्वेस्टपुढे दोन आकडे असतात, एक लोड बॅलन्सरने ग्राहकाला दिलेला आणि दुसरा ॲप्लिकेशनकडून आलेला. पहिल्या जागी ५०२ आणि दुसऱ्या जागी नुसती आडवी रेघ `-` असेल, तर ॲप्लिकेशनकडून उत्तर आलंच नाही हे नक्की. तेवढ्यावरून कारण मात्र ठरत नाही, कारण प्रोसेस कोसळली तरी हेच दिसतं. सर्व्हरवर `tcpdump` लावून पाकिटांचा क्रम पाहिला, आणि शेवटच्या उत्तरानंतर बरोबर ५ सेकंदांनी बंद करण्याचं पाकीट व त्याला खेटून नवी रिक्वेस्ट दिसली, तर शंका उरत नाही.

उपाय दोन ओळींचा आहे. आधी कनेक्शन सोडायचं ते लोड बॅलन्सरने, ॲप्लिकेशनने नव्हे. म्हणून ॲप्लिकेशनची मुदत ६० सेकंदांपेक्षा थोडी जास्त ठेवायची. आकडे मिलिसेकंदांत:

```
server.keepAliveTimeout = 65000;
server.headersTimeout = 66000;
```

दुसरी ओळ अनेकजण विसरतात. नोडच्या काही जुन्या आवृत्त्यांत ती मुदत पहिलीपेक्षा कमी राहिली, तर एरर तशीच येत राहते. गूगलच्या लोड बॅलन्सरची राखण ६०० सेकंदांची आणि ती बदलता येत नाही. तिथे मागच्या सर्व्हरला ६२० सेकंद द्यावेत अशी गूगलचीच शिफारस आहे.

उलट बाजूने, लोड बॅलन्सरचीच मुदत ४ सेकंदांवर आणण्याचा मोह होतो. तो आवरावा. ॲमेझॉनकडे हीच मुदत उत्तराची वाट पाहतानाही लागू असते. एखादा अहवाल तयार व्हायला १० सेकंद लागत असतील, तर ५०२ जाऊन त्या जागी ५०४ येईल.

‘अडलेली रिक्वेस्ट लोड बॅलन्सरने पुन्हा का पाठवू नये?’ हा प्रश्न रास्त आहे. नुसतं पान मागणारी रिक्वेस्ट दोनदा गेली तरी चालतं. पैसे भरण्याची रिक्वेस्ट पोचली की नाही हे खात्रीने माहीत नसताना पुन्हा धाडली, तर ग्राहकाच्या खात्यातून दोनदा पैसे जाऊ शकतात.

मुदत दुरुस्त केल्यावरही नवी आवृत्ती चढवताना थोडे ५०२ दिसले, तर ते वेगळं प्रकरण आहे. तिथे हातातलं काम पुरं होण्याआधीच जुनी प्रोसेस बंद केली जात असते. लॉगमध्ये ते ओळखणं सोपं: असे ५०२ विखुरलेले नसतात, डिप्लॉयमेंटच्या वेळेभोवती घोळक्याने येतात.