१२० हर्ट्झ आणि बॅटरीचा हिशेब

मोबाइलच्या स्क्रीनवरचे चित्र एका सेकंदात किती वेळा नव्याने उमटवले जाते, तो आकडा म्हणजे रिफ्रेश रेट. ६० हर्ट्झवर दोन चित्रांमध्ये सुमारे १६.७ मिलिसेकंद जातात, १२० हर्ट्झवर ८.३. त्यामुळे स्क्रोल करताना सरकणारी अक्षरे कमी पुसट दिसतात आणि यादी बोटाला चिकटून आल्यासारखी वाटते. पण हा फायदा हलत्या गोष्टींपुरताच आहे. बातमी वाचायला बोट थांबले की १२० काय आणि ६० काय, डोळ्यांना काहीच फरक कळत नाही. बॅटरी मात्र जात राहते.

ती दोन ठिकाणी जाते. चित्र हलत असेल तर प्रोसेसरला दुप्पट चित्रे तयार करावी लागतात. आणि चित्र हलत नसले तरी तेच ते चित्र स्क्रीनवर पुन्हा पुन्हा लिहिण्याचे काम चालूच असते. ओएलईडी स्क्रीनचा प्रत्यक्ष उजेड हा तिसरा, वेगळा खर्च. तो रिफ्रेश रेटवर नव्हे, तर ब्राइटनेसवर अवलंबून असतो. भर उन्हात ब्राइटनेस पूर्ण वाढवलेला असताना रिफ्रेश रेट कमी करून फारसे हाती लागत नाही, ते यामुळेच.

स्थिर चित्र पुन्हा का लिहावे लागते? ओएलईडीतल्या प्रत्येक ठिपक्यामागे एक अतिसूक्ष्म कपॅसिटर असतो. ठिपक्याने किती उजळायचे हे त्यात साठवलेल्या विद्युतभारावरून ठरते. हा साठा गळक्या माठासारखा झिरपत असतो, म्हणून तो वारंवार भरावा लागतो. एलटीपीएस जातीच्या स्क्रीनमध्ये गळती जास्त, त्यामुळे तिचा वेग फार खाली आणला तर चित्र लुकलुकू लागते. एलटीपीओ जातीत गळती रोखण्यासाठी ऑक्साइडचे ट्रान्झिस्टर वापरतात. ते साठा बराच वेळ धरून ठेवतात. २०१९च्या अ‍ॅपल वॉच सिरीज ५ मध्ये याच जोरावर स्क्रीन १ हर्ट्झपर्यंत उतरू लागली. आयफोन १३ प्रो १० हर्ट्झपर्यंत उतरत असे, १४ प्रो १ हर्ट्झपर्यंत.

अडॅप्टिव्ह मोड किती फायद्याचा, हे या तळाच्या आकड्यावर ठरते. समजा, एका तासात दहा मिनिटे स्क्रोलिंग, वीस मिनिटे स्थिर पानाचे वाचन आणि तीस मिनिटे सेकंदाला २४ चित्रांचा सिनेमा असा वापर झाला. कायम १२० हर्ट्झ ठेवल्यास स्क्रीन ४,३२,००० वेळा लिहिली जाते, कायम ६० ठेवल्यास २,१६,००० वेळा. एलटीपीओ स्क्रीन स्क्रोलिंगला १२०, वाचनाला १० आणि सिनेमाला २४ हर्ट्झवर राहिली, तर आकडा १,२७,२०० येतो. म्हणजे गुळगुळीत स्क्रोलिंग मिळूनही लेखन ६० हर्ट्झपेक्षा कमीच! ६०च्या खाली न उतरणाऱ्या स्क्रीनवर मात्र अडॅप्टिव्ह मोडचा आकडा २,५२,००० होतो. तो कायमच्या १२०पेक्षा पुष्कळ बरा, पण ६०पेक्षा जास्त. अर्थात, चित्रे निम्मी झाली म्हणून बॅटरी दुप्पट टिकत नाही. उजेड, नेटवर्क आणि प्रोसेसर आपापला वाटा घेतातच.

तेव्हा एलटीपीओ स्क्रीन असेल तर अडॅप्टिव्ह मोड बंद करण्याचे कारण सहसा उरत नाही. तळ ६०चा असेल तर वापर बघावा. दिवसभर बोट स्क्रीनवरच असणाऱ्याचा फोन स्पर्श होताच १२०वर चढतो आणि बोट उचलल्यावरही थोडा वेळ तिथेच रेंगाळतो. अशा फोनला लांबच्या प्रवासात ६०वर ठेवलेले बरे. सॅमसंगच्या फोनमध्ये त्यासाठी Motion smoothness मध्ये Adaptive ऐवजी Standard निवडावे लागते.

आपल्या फोनचा तळ जाहिरातीत शोधण्यापेक्षा फोनलाच विचारावा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये Build number वर सात वेळा टॅप केले की Developer options उघडतात. त्यात Show refresh rate सुरू केले की स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा दिसू लागतो. बोट फिरवताना तो चढावा, पान स्थिर ठेवल्यावर काही क्षणांत उतरावा. पान स्थिर असूनही तो उतरत नसेल, तर एखादी हलती जाहिरात किंवा अ‍ॅनिमेशन त्याला वर धरून ठेवते आहे का, ते आधी पाहावे. शिवाय हा आकडा काही फोनवर स्वतःच स्क्रीनला जागे ठेवतो, म्हणून खात्री झाली की तो बंद करावा.

उलट बाजूचीही तक्रार येते: स्क्रोलिंग चालू असून आकडा वर जात नाही. २०१९च्या पिक्सेल ४ मध्ये ब्राइटनेस साधारण ७५ टक्क्यांच्या खाली गेला की ९० हर्ट्झची स्क्रीन ६०वर येत असे. मंद उजेडात वेग बदलला की रंगछटा किंचित बदलते आणि ती लुकलुक डोळ्यांना जाणवते. ती टाळण्यासाठी गुळगुळीतपणाच सोडून दिलेला होता. गूगलने पुढे अपडेट देऊन ही अट सैल केली. इतर फोनवर असे झाल्यास आधी पॉवर सेव्हिंग सुरू आहे का, ते तपासावे. आयफोनचा Low Power Mode कमाल वेग ६०वर आणतो, आणि सॅमसंगच्या पॉवर सेव्हिंगमध्येही तसेच होते.